मदत हवी आहे: चॅट सपोर्टच्या स्क्रीनिंगला दोन चॅट एकदम येतात, तिथंच अडकतेय

खानापूरवाली
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बीकॉम झालंय, दोन वर्षं बेळगावात एका दुकानात बिलिंगला होते, आता बाळ लहान आहे म्हणून घरातनंच काम शोधतेय. मागच्या महिन्यात एका कंपनीची चॅट सपोर्टची स्क्रीनिंग दिली. टायपिंगला ३८ आलं, अॅक्युरसी ९६, ते निघालं, ग्रामरचं पण निघालं. शेवटी नकली चॅट होती, १५ मिनिटांची, स्क्रीनवर दोन खिडक्या आणि बाजूला पानभर पॉलिसी. पहिल्या माणसाचं म्हणणं, गुरुवारी ऑर्डर कॅन्सल केली, आज सोमवार, चार दिवस झाले तरी पैसे नाहीत. मी पॉलिसी वाचून त्याला नीट मोठं उत्तर लिहीत बसले आणि तेवढ्यात दुसरीकडची बाई तीनदा हॅलो हॅलो लिहून निघून गेली, तिची चॅटच बंद. तिथंच रिजेक्ट.
आता शुक्रवारी दुसऱ्या कंपनीची आहे, तिथं पण दोन चॅट असणार असं मेलमध्ये लिहिलंय. याची तयारी घरी कशी करायची? शिफ्ट "यूएस, रोटेशनल" लिहिलीय, म्हणजे नक्की किती ते किती? आणि आमच्याकडं लाईट जाते, त्याचं काय करता तुम्ही लोकं?

निपाणी_एक्सप्रेस
ताई, ३८ कमी आहे, खरं कारण तेच. ६० च्या वर असल्याशिवाय कोण घेत नाहीत, रोज एक तास टायपिंग करा, दोन चॅट आपोआप जमतील. यूएस शिफ्ट म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन.

टिळकवाडी_नाईट
मी सहा वर्षं चॅटवर आहे, मधे दोन वर्षं नवीन पोरांच्या टेस्ट तपासायचं काम पण केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.
स्पीड वाढला तर चांगलंच, पण ३५-४० वर घेतलेली भरपूर पोरं मी बघितलीत. तुमचं अडलं ते वेगामुळं नाही, तुम्ही एकाच खिडकीत राहिला म्हणून अडलं. बरोबर उत्तराआधी आम्ही बघायचो ते हेच की दुसरं गिऱ्हाईक किती वेळ गप्प बसून राहिलं.
तुमचीच केस घेऊ. चॅट सुरू झाली की पहिल्या अर्ध्या मिनिटात दोघांना एकेक ओळ गेलीच पाहिजे, नमस्कार, तुमची अडचण समजली, बघतो. मग पहिलं बघायचं की कुणाला काम देता येतंय. दुसऱ्या बाईची तक्रार काय होती माहीत नाही, समजा चप्पल चुकीच्या साईजची आलीय. तिला लगेच सांगायचं, खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठवा. आता ती खोकं शोधणार, फोटो काढणार, तिचे दोन मिनिटं त्यात जातात आणि तिला कुणी आपल्याला टांगून ठेवलंय असं वाटत नाही. तेवढ्या वेळात रिफंडवाल्याकडं या.
त्याच्यात गोम अशी आहे की बहुतेक ठिकाणी पॉलिसीत "५ ते ७ वर्किंग डे" असतं. तो चार दिवस म्हणतोय, पण शनिवार रविवार धरत नसतील तर गुरुवारनंतर शुक्रवार एक, सोमवार दोन, म्हणजे दोनच झालेत. सातवा दिवस पडतो पुढच्या सोमवारी. मग त्याला तारीख द्यायची, पुढच्या सोमवारपर्यंत नाही आले तर या नंबरनं परत लिहा. "उद्या येतील" असं बोलायचं नाही, पॉलिसीत नसलेला शब्द दिला की मार्क गेले. आणि त्यानं पहिल्याच ओळीत ऑर्डर नंबर दिला असेल तर परत मागू नका, ते बघण्यासाठीच तो दिलेला असतो.
उत्तर सापडत नसेल तर "दोन मिनिटं द्या" लिहा, आणि दोन मिनिटांनी उत्तर नसलं तरी परत या, सांगा की अजून बघतोय. मोठं उत्तर एकदम पाठवू नका, दोन तुकड्यात पाठवा. आणि एंटर मारायच्या आधी नाव वाचा. याचं नाव त्याला गेलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही, मी स्वतः अशा दोन टेस्ट बाजूला काढल्यात.
तयारी अशी, घरातले दोघेजण दोन मोबाईलवरनं तुम्हाला मेसेज करू देत, तुम्ही लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून इंग्रजीतच उत्तर द्या. मधनंच एकाला चिडायला सांगा. काही टेस्टमध्ये पेस्ट चालत नाही, त्यामुळं नेहमीची आठ दहा वाक्यं हाताला बसलेली बरी.

निपाणी_एक्सप्रेस
मला ६० मागितलं होतं म्हणून बोललो. एका कंपनीत दोन चॅट नव्हत्याच मुळात, एकच होती.

टिळकवाडी_नाईट
होय, प्रोसेसप्रमाणं बदलतं. शिफ्टचं तेवढं दुरुस्त करतो. अमेरिकेतल्या ईस्टर्न टाईमच्या सकाळी ९ ला आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसहा, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ मागं घेतात, मग साडेसात ते पहाटे साडेचार, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर परत साडेसहा. ताई, इंटरव्ह्यूत विचारून घ्या, टाईम झोन कुठला, रोटेशन आठवड्यानं की महिन्यानं, वीकऑफ फिरतो का. लहान बाळ असेल तर दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट कायम रात्रीपेक्षा जास्त जड जाते, असं माझं मत.

काकती_अण्णा
माझ्या मुलीला पण घरबसल्या डेटा एंट्री पाहिजे होती, १५०० रुपये रजिस्ट्रेशन म्हणून भरून घेतले, मग फोनच लागेना. हे तसंच आहे का? कुठं भरायचे पैसे?

टिळकवाडी_नाईट
अण्णा, हे वेगळं आहे. नोकरीसाठी एक रुपया भरायचा नाही. फसवलं गेलं असेल तर १९३० ला फोन करा.

चिकोडी_मळा
लाईटचं मी सांगते, मी गेलं वर्षभर करूलालेय हे काम. राऊटरला छोटा मिनी यूपीएस मिळतो तो लावा, आपल्या राऊटरवर १२ व्होल्ट लिहिलंय का बघून घ्या. पण एक गोष्ट कळायला मला दोन महिने गेले, लाईट गेली की राऊटर चालू असूनही नेट जायचं. मग राऊटरवर एलओएस लिहिलेला लाल दिवा बघितला, म्हणजे वायरीतनं सिग्नलच येत नव्हता, केबलवाल्याच्या गल्लीतल्या डब्याला बॅकअप नव्हता. तसं असेल तर घरात कितीही इन्व्हर्टर लावा, फायदा नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाईलमध्ये हॉटस्पॉटला तयार ठेवावं लागतं. टेस्टच्या आधी एकदा गल्लीतली लाईट खरंच गेली की राऊटर बॅकअपवर ठेवून तो दिवा बघा, नुसतं घरातलं मेन स्विच बंद करून डब्याचं कळत नाही. आणि तुम्हाला कन्नड येत असेल तर फॉर्ममध्ये नक्की लिहा, आमच्या प्रोसेसला लोकं "नन्न ऑर्डर बंदिल्ल" असं इंग्रजी अक्षरात टाईप करतात, ते वाचणारं माणूस त्यांना पाहिजेच असतंय.

खानापूरवाली
खूप आभार सगळ्यांचे. काल रात्री धाकट्या भावाला आणि शेजारच्या मुलीला बसवलं. पहिल्या वेळी भावाला दोन मिनिटं उत्तर नव्हतं, तिसऱ्या वेळी कुणालाच एका मिनिटाच्या वर थांबावं लागलं नाही, फोटो मागायची युक्ती खरंच चालते. लाईट गेली तेव्हा राऊटर इन्व्हर्टरवर लावून बघितलं, लाल दिवा आमच्याकडं पण लागला, आता सिम बघते. कन्नड बोलता येतं मला, वाचायला हळू येतं, ते लिहू का? आणि शेजारची मुलगी चिडून "मॅनेजरला द्या" असं लिहूलाली, तेव्हा टेस्टमध्ये काय लिहायचं असतं, मॅनेजर तर तिथं नसतोच की?

टिळकवाडी_नाईट
कन्नड लिहा, बोलता येतं असंच लिहा. मॅनेजरचं पॉलिसीच्या पानावर खाली बघा, बहुतेक वेळा एस्कलेशनची एक ओळ असते. ती नसेल तर काय अपेक्षित असतं ते कंपनीप्रमाणं वेगळं बघितलंय मी. आम्ही तेव्हा एकदा सोडवायचा प्रयत्न आणि मग "कॉलबॅक लावतो" एवढं धरायचो.

निपाणी_एक्सप्रेस
मी लगेच ट्रान्सफर केली होती, माझी पास झाली.