ब्युरेटवर ‘२३ च्या खाली’ म्हणजे २३ पेक्षा कमी की जास्त?

डिचोलीची बाई
अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी मराठीत टिपणं काढतेय. ब्युरेटचा, म्हणजे आकडे असलेल्या काचेच्या मोजनळीचा, मोबाइलवर काढलेला फोटो दिला. फोटोत वर २३ चा आकडा, खाली २४ चा. मी लिहिलं, ‘द्रवाची पातळी २३ च्या थोडी खाली आहे, वाचन नोंदवा.’ बऱ्याच मुलांनी २२ पूर्णांक काहीतरी लिहिलं. एकाने २४.६४. माझ्या मते २३.३६. घोटाळा त्यांचा, की माझ्या ‘खाली’चा? आणि नळीतल्या द्रवाचा पृष्ठभाग मधे खोलगट दिसतो, त्या मिनिस्कसला मराठीत सुटसुटीत शब्द आहे का?

शब्दवेडा
‘खाली’ म्हणजे कमीच. पारा ३० च्या खाली गेला असं आपण म्हणतो ना? मिनिस्कससाठी ‘कोर’ घ्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही छोटा चंद्र असाच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, वाचायचं ते नेहमी कोरीच्या तळाशी.

लॅबमामा, फोंडा
थर्मामीटरचं उदाहरण इथे उपयोगाचं नाही, कारण ब्युरेटचं शून्य वर असतं. किती द्रव बाहेर पडला हे ती सांगते, म्हणून पातळी उतरते तसा आकडा चढतो. ‘खाली’ हा शब्द जागेचा धरला तर २३ पेक्षा जास्त, आकड्याचा धरला तर कमी. बाई, तुम्ही जागा सांगितली, मुलांनी आकडा ऐकला. २४.६४ वाल्याची चूक वेगळी आहे. त्याने मोजपात्रासारखं खालून वर मोजलं, २४ पासून सहा रेघा आणि थोडं. रेघा बरोबर मोजल्या, दिशा उलटी धरली. अशा वेळी मी पोरांना एकच विचारायचो, वरचा आकडा लहान की खालचा?

आणि ‘नेहमी तळाशी’ हेही पुरतं खरं नाही. पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये भरलं की इतकं गडद दिसतं की तळ सापडतच नाही. तिथे वरची कड वाचतात, सुरुवातीलाही आणि शेवटीही. वजाबाकीत फरक निघून जातो. एकदा कड आणि एकदा तळ घेतला की मात्र गेलं.

काजूबाग
आमच्या भट्टीवर फेणीचा ग्राव, म्हणजे कडकपणा बघतात, तिथेही हाच वाद. फेणीत तरंगत्या सोडलेल्या मापकाच्या काचेच्या दांडीला ती किंचित वर चढते. काका चढलेली कड वाचायचे, मी सपाट पातळी. बरोबर कोण?

लॅबमामा, फोंडा
फेणी आरपार दिसते, तेव्हा तुम्ही. पण ते तरंगणारं उपकरण, त्याची गोष्ट वेगळी. काकांना माझं नाव सांगू नका.

बाई, फोटो उभ्याने काढलात का? २३ ची लांब रेघ नळीभोवती पूर्ण फिरली असेल तर नीट बघा, ती एकच सरळ रेघ दिसते की लांबट वाटोळी?

डिचोलीची बाई
उभ्यानेच. वाटोळी दिसते. पुढची बाजू खाली, मागची वर.

लॅबमामा, फोंडा
मग कॅमेरा वरून बघत होता. रेघा काचेवर, द्रवाचा तळ नळीच्या मधोमध. वरून तिरकं बघितलं की तो तळ पुढच्या काचेवर असायला हवा त्यापेक्षा वरच्या रेघेशी जुळतो. वरची रेघ म्हणजे ब्युरेटवर लहान आकडा. म्हणजे खरं वाचन २३.३६ पेक्षा जास्त असणार. मोजपात्रात हाच तिरकेपणा उलट फसवतो, आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. ५० मिलिच्या ब्युरेटवर ०.१ मिलि म्हणजे उंचीत जेमतेम एक मिलिमीटर. दहाएक अंशांच्या तिरकेपणात जवळपास एवढीच चूक होते. तेव्हा तुमचा तो शेवटचा ६ मला मान्य नाही.

शब्दवेडा
म्हणजे २३.४ लिहायचं?

लॅबमामा, फोंडा
या फोटोवरून, हो. नीट फोटोवरून मी दोन रेघांमधली जागा नजरेने वाटून २३.४० किंवा २३.४५ लिहीन. पातळी बरोब्बर रेघेवर असली तरी शेवटचं शून्य गाळायचं नाही. ‘२३.४’ म्हटलं की रेघांच्या मधे बघितलंच नाही असा अर्थ होतो.

डिचोलीची बाई
आमच्याकडे एक दशांश स्थळ पुरे म्हणतात. वरच्या वर्गात गेल्यावर दोन मागतात. मुलं विचारतात खरं कुठलं, आणि मी परीक्षेचं सांगून मोकळी होते.

शब्दवेडा
म्हणूनच ‘अचूक वाचन’ म्हणू नका, ‘बारकाईने वाचन’ म्हणा. २३.३६ बारीक होतं, अचूक नव्हतं.

डिचोलीची बाई
हे घेतलं. नवा फोटो काढला. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवून द्रवाच्या उंचीला आणला, मागे जाऊन झूम केलं, नळीमागे काळा कागद धरला, त्याची वरची कड तळाच्या जरा खाली. तळ काळा ठसठशीत उठला, जवळची फिरती रेघही एकच दिसते. वाक्यही बदललं, ‘पातळी २३ ची रेघ ओलांडून २४ कडे गेली आहे.’

‘कोर’ मात्र अडतंय. मुलं म्हणाली, कोर म्हणजे कड ना, भाकरीची असते तशी? आणि त्यांनी काचेला चिकटलेली वरची कडच वाचली.

शब्दवेडा
मग ‘चंद्रकोर’?

काजूबाग
पाऱ्याची उलटी असते, तिला काय म्हणणार?