अनुभव धागा: घरगुती जेवणाची फ्री डिलिव्हरी कुठवर, आणि पुढे किती घ्यायचे?

सुरंगीचा_वळेसर
रत्नागिरीत मारुती मंदिरापासून आत राहते, दीड वर्ष झालं घरून ऑर्डरी घेते, माशाचं ताट, घावन, सणाला उकडीचे मोदक. सुरुवातीला "शहरात कुठेही फ्री" असं सांगून बसले. मागच्या महिन्यात वही काढली तर कळलं, 300 ची ऑर्डर असली की सामान, गॅस, डबे जाऊन माझ्याकडे 90 उरतात, आणि स्टेशनच्या बाजूला डबा द्यायला गेलं की ते 90 कुठे जातात तेच दिसत नाही. आता ठरवायचंय की फ्री कुठपर्यंत आणि त्यापुढे किती. तुम्ही कसं ठरवलंत ते सांगा, नुसता आकडा नको, कसा काढलात तेही लिहा.

मिऱ्याचा_वारा
ताई, सोपं आहे. पेट्रोल 105 धरा, स्कूटर 45 देते, म्हणजे किमीला अडीच रुपयाच्या आतच. 3 किमी म्हणजे साडेसात रुपये. 3 किमी सरसकट फ्री द्या, तेवढ्यात गिऱ्हाईक बांधलं जातं. आमच्या वडापावच्या गाडीवरून मी असंच देतो.

खाडीपलीकडचा
दादा पेट्रोलचा हिशोब बरोबर, पण गाडी परत पण येते ना. आणि चढाला 45 कुठली देते, आमच्याकडे 40 मिळालं तरी खूप. मी बारा वर्षं डबे पोचवण्याच्या धंद्यात आहे, माझी पद्धत लिहितो.

गाडीचा खर्च किमीला 4 धरा. पेट्रोल अडीचच्या वर जातंच, बाकी टायर, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग, हे दर महिन्याला दिसत नाही पण येतं. जाऊन येऊन म्हणजे अंतराच्या एका किमीला 8 रुपये. मग वेळ. गावातल्या रस्त्यावर, सिग्नल, बोळ, चढ धरून तासाला 20 किमीच पडतात, म्हणजे जाऊन येऊन एका किमीला 6 मिनिटं. त्यात दार शोधणं, फोन, सुट्टे, जिना, 8 मिनिटं कुठेही जातातच, घर जवळ असो की लांब. मुलाला तासाला 60 दिले तर मिनिटाला 1 रुपया. म्हणून एका फेरीचा खर्च असा:

```
खर्च = 14 × अंतर (किमी) + 8
```

1 किमीला 22, दीडला 29, 2 ला 36, 4 ला 64. ताईंचं स्टेशन किती पडतं माहीत नाही पण साडेपाच असेल तर 85.

सुरंगीचा_वळेसर
मीटरवर साडेपाचच भरतं! म्हणजे 90 मधले 5 उरतात. बघून पोटात गोळाच आला.

खाडीपलीकडचा
आता उलटं बघा. ऑर्डरच्या दहा टक्के डिलिव्हरीला घालायची तयारी असेल तर 300 ला 30, म्हणजे दीड किमीच फ्री बसतं. किमान ऑर्डर 350 केलीत तर 35 मिळतात आणि 2 किमी जेमतेम बसतं, एखादा रुपया इकडे तिकडे. हजाराच्या ऑर्डरला 100 घालता येतात, मग साडेसहा किमी पण फ्री जमतं. म्हणून फ्रीची हद्द एकट्या अंतरावर नाही ठरवायची, ऑर्डरच्या रकमेसोबत ठरवायची.

पुढचे टप्पे काढताना टप्प्याचं लांबचं टोक धरा. 2 ते 4 किमीला 4 चा खर्च 64, त्यातले 35 तुमचे, राहिले 29, तर 30 घ्या. 4 ते 6 ला 92 मधून 35 गेले, 57, तर 60. मधलं अंतर धरलं की आकडा कमी दिसतो पण आमच्याकडे लोक नेमके कडेच्याच कॉलनीत राहायला जातात, नवीन बिल्डिंगी सगळ्या तिकडेच.

मिऱ्याचा_वारा
वेळ धरायचाच का पण? माझा भाऊच देतो, त्याला पगार नाही.

कोकमाचं_आगळ
माका एक इचारूचा आसा, मी मालवणची. माझा कोकम आगळ, सोलां आणि सुके बांगडे मुंबईक जातत, पार्सलाचो खर्च किलोवर घेवचो की पेटीवर? आगळाच्या बाटल्यांचा वजन मोठां होता.

खाडीपलीकडचा
काकी, तुमचा प्रश्न वेगळा आहे, लांबच्या पार्सलला किमी नाही, वजन आणि पॅकिंग बघायचं. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो. हा गावातल्या गावात गरम डबा देण्याबद्दल आहे.

दाभोळकरीण
माझा अनुभव जरा वेगळा, म्हणून सविस्तर लिहिते. मी दाभोळची. फोनच्या नकाशावर घराभोवती 3 किमीचा गोल काढला आणि सांगून टाकलं की एवढ्यात फ्री. पहिल्याच आठवड्यात 280 ची ऑर्डर आली धोपाव्याहून. गोलात येतंय म्हणून घेतली. पण मधे वाशिष्ठीची खाडी! जेट्टीवर गेले, फेरीबोट नुकतीच सुटलेली, पुढची येईपर्यंत थांबले, स्कूटरचं तिकीट जायचं वेगळं यायचं वेगळं, आणि घरी पोचले तेव्हा दीड तास गेला होता, दुपारच्या दोन ऑर्डरी त्यात रद्द झाल्या. बोट चुकवून रस्त्याने जायचं म्हटलं तर खाडीला केवढा तरी वळसा, तो विचारच नको.

तेव्हापासून गोल बंद. आता मी स्वतः गाडीवर बसून प्रत्येक वाडीपर्यंतचं अंतर मीटरवर घेतलंय, वहीत वाडीचं नाव आणि समोर रुपये. पलीकडच्यांना सांगते की धोपाव्याच्या जेट्टीवर उभे राहा, डबा बोटीतून कोणा ओळखीच्याबरोबर देते, त्याचे 20. घरपोच नाही. दोनतीन जण रुसले, बाकी येतात जेट्टीवर.

खाडीपलीकडचा
एकदम बरोबर ताई. किनाऱ्यावर गोल म्हणजे अर्धा समुद्रात आणि उरलेल्यात खाडी. आणि गिऱ्हाइकाला पण किमी सांगू नका, जागा सांगा. "2 किमी" म्हटलं की तो म्हणतो माझ्या फोनवर 1.9 दाखवतंय. "अमुक स्टॉपपर्यंत" म्हटलं की वाद होत नाही.

माडाचीबाग
मी वेगळं करते. डिलिव्हरीचे 20 प्रत्येक ताटात आधीच घालून टाकलेत, सगळीकडे फ्री. लोकांना वेगळा चार्ज दिसला की नको वाटतं.

दाभोळकरीण
मग शेजारची बाई जी चालत येऊन नेते ती लांबच्याचे पैसे भरते की. तिला परवडेल का?

माडाचीबाग
तिला मी 20 कमी करते. पण हो, लांबच्या ऑर्डरी माझ्याकडे वाढल्यात हे खरं. सहा-सात किमीवरच्या पण येतात.

खाडीपलीकडचा
वाढणारच, त्यांना 100 च्या आसपासचा प्रवास 20 ला मिळतोय. एकाच बाजूच्या तीनचार ऑर्डरी एका फेरीत जात असतील तर चालेल. ताईंसाठी पण तेच सांगतो, स्टेशनच्या दोन ऑर्डरी एकत्र गेल्या तर फेरी 85 ची 95 होईल फार तर, म्हणजे एकीला 48. तुमचे 35 जाऊन 13 राहतात. म्हणून सकाळी 10 च्या आत सांगणाऱ्यांना 60 ऐवजी 30 घ्या.

सुरंगीचा_वळेसर
पगार नसलेल्या भावाचं विचारलंय त्याचं उत्तर राहिलं, मलाही तोच प्रश्न आहे, आमचे हे संध्याकाळी देतात.

खाडीपलीकडचा
मी धरतोच. ते आजारी पडले की दुसऱ्या दिवशी पोरगा ठेवावा लागतो, तेव्हा दर वाढवता येत नाही.

मिऱ्याचा_वारा
मला नाही पटत, घरच्या माणसाचा तास बाजारभावाने लावला तर घरगुती धंद्यात काहीच परवडणार नाही. पण परतीचं पेट्रोल मी धरत नव्हतो हे मान्य, आजपासून 3 चे 2 करतो.

सुरंगीचा_वळेसर
तीन आठवडे झाले म्हणून लिहायला आले. साळवी स्टॉपपर्यंत फ्री, 350 च्या वर. त्याखाली असेल तर 20. पुढे 30 आणि 60 वाड्यांच्या नावानेच. स्टेशनच्या बाजूच्या आठ नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी तिघांनी थांबवलं, पाच जण 10 च्या आत सांगतात आणि एकाच फेरीत जातं. 280-300 च्या ऑर्डरी आपोआप 350 च्या झाल्या, लोक दोन सोलकढ्या वाढवतात. मोदकांना मात्र हा तक्ता लावत नाहीये, 20 मिनिटांच्या पुढे ते कोरडे पडतात, पैसे दिले तरी 4 किमीच्या पुढे नाही.

एक अडलंय. पावसात तोच रस्ता दीडपट वेळ घेतो. जूनपासून चार महिने टप्पे वाढवायचे की वर्षभराचाच दर थोडा वर ठेवायचा, कोणी केलंय का?

दाभोळकरीण
मी पावसात दर तेच ठेवून फ्रीची हद्द एक वाडी अलीकडे घेते. पण गणपतीत पुन्हा वाढवावी लागते, तेव्हा सगळे घरी आलेले असतात.