मोजणीच्या कामासाठी टोपी: काठ किती इंची आणि कापड कुठलं घ्यावं?

नमस्कार. कागल-शिरोळ भागात शेतजमिनीची मोजणी करतो. सकाळी ९ ते दुपारी ४ उघड्या रानात, सावली नाहीच. मला आणि दोघा मदतनिसांना मिळून तीन टोप्या हव्यात.

साधी कॅप वापरून झाली. कपाळ वाचतं, कान आणि मान भाजतात. मग महाद्वार रोडवरून चार इंची काठाची सुती हॅट आणली. सावली मानेपर्यंत येते, पण टोटल स्टेशनला डोळा लावला की काठ यंत्राला अडतो, आणि तासाभरात घामानं भिजून तो डोळ्यांवर लोंबतो. नदीकाठच्या वाऱ्यात उडते ती वेगळीच.

सध्या पॉलिस्टरची आहे, काठ अडीच इंची. धुतली की पटकन वाळते, हवाही खेळते. पण हिची जाळी माथ्याजवळ आहे. परवा टोपी काढली तर विरळ केसांत जाळीच्या आकाराचा लाल पट्टा उठलेला! उजेडाकडे धरली तर जाळीतून पलीकडचं स्पष्ट दिसतं. म्हणजे जाळी फक्त कानाच्या वर, बाजूलाच हवी, आणि माथ्याचं कापड घट्ट विणीचं.

हनुवटीला दोरी हवीच. डोक्याचा घेर ५९ सेंमी, बजेट टोपीमागे ५०० रुपये. हेल्मेटची सक्ती नाही. ऑनलाइन नको, घालून बघायची आहे.

पुढं आखूड काठ आणि मागं मानेवर पडदा असलेली टोपी कुणी दिवसभर वापरली आहे का? पडद्याआड मान उकडते का? आणि कोल्हापुरात अशी कुठं मिळेल?