हॉलची भांडी-खुर्च्या परत मागायची नोटीस

"नोटीस लावून पंधरा दिवस झाले तरी हॉलची भांडी, खुर्च्या कोणी आणून देत नाही. काय लिहावं?"

नुसतं 'सोसायटीचं सामान परत करा' लिहिलं की प्रत्येकाला वाटतं हे शेजारच्यासाठी आहे. आधी हॉलचं कपाट उघडून मोजा, रजिस्टरशी ताळा घाला आणि जे कमी भरतंय तेवढंच लिहा, म्हणजे समजा प्लास्टिकच्या खुर्च्या 6, मोठं पातेलं 1 झाकणासकट, परात 1, ओगराळी 2, स्टीलचे जग 3. 'झाकणासकट' लिहाच हो, पातेलं येतं आणि झाकण तिकडेच कुठल्यातरी डब्यावर बसलेलं असतं. मुदत म्हणून नुसती तारीख नको, 'रविवारी संध्याकाळी 6 ते 8, हॉलमध्ये, कमिटीचा माणूस हजर असेल, रजिस्टरमध्ये सही घेतली जाईल' असं टाका, नाहीतर लोक वॉचमनच्या केबिनबाहेर ठेवून जातात आणि मग कोणी दिलं कोणी नाही हा घोळ. फ्लॅट नंबर बोर्डावर नकोत, उगाच भांडणं होतात, ज्यांची नेताना सही आहे त्यांना सरळ फोन करा. आणि भांड्यांवर नाव नसेल तर परत आल्यावर भांड्यांच्या दुकानातून घालून घ्या. आमच्याकडे खुर्च्यांच्या पाठीला पेंटने नंबर टाकलेत, त्यामुळे 14 नंबर कोणाच्या गॅलरीत आहे ते खालूनच दिसतं :)