अनुभव धागा: वर्गात एकमेकांच्या उपवासाबद्दल कसं विचारायचं?

मृण्मयी_नाशिक

या वर्षी महाशिवरात्र, राखेचा बुधवार आणि रमजानचा पहिला रोजा एकाच आठवड्यात आले. स्टाफरूममध्ये एकीकडे साबुदाण्याची खिचडी, दुसरीकडे रोजाची एक सहकारी डोळे मिटून बसलेली, आणि मला माझा तुलनात्मक धर्माचा पहिला वर्ग आठवला. बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकवते. तो पेपर मी दरवर्षी उपवासापासून सुरू करते, कारण उपवासाबद्दल प्रत्येकाला काहीतरी माहीत असतं आणि प्रत्येकाला वाटतं की शेजाऱ्याचाही आपल्यासारखाच असणार.

"तुमच्या धर्मात उपवास का करतात?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्या एका प्रश्नाने अठरा वर्षांचं पोर अख्ख्या धर्माचं वकील होतं. मग एकतर ते पाठ केलेलं बोलतं, नाहीतर गप्प बसतं. माझे प्रश्न असे असतात: तुमच्या ओळखीच्या घरात उपवासाच्या दिवशी काय चालतं आणि काय नाही? सूट कोणाला असते? उपवास मोडला असं केव्हा म्हणतात, आणि मोडल्यावर पुढे काय? आणि शेवटी, त्याच धर्मातले कोण हा उपवास करत नाहीत, ते काय कारण देतात?

मोडण्याच्या प्रश्नावर वर्ग सगळ्यात जास्त बोलतो. एकादशीला चुकून पोळीचा घास गेला तर कोणी म्हणतं मोडला, कोणी म्हणतं देवाला माहीत आहे. विसरून पाणी प्यायलं तर रोजा मोडत नाही, आठवलं की थांबायचं. मुद्दाम मोडला तर मात्र भरपाई आहे. इथे फरक आपोआप पुढे येतो, मला सांगावा लागत नाही. एकीकडे स्वतः घेतलेला नेम, दुसरीकडे अख्ख्या समाजावर एकाच महिन्यात असलेलं कर्तव्य.

तुमच्या वर्गातले, घरातले, शेजारचे अनुभव लिहा. कोणत्या प्रश्नाने बोलणं उघडलं, कोणत्याने बंद पडलं?

रुबीना_एस

सूटवाला प्रश्न जपून विचारा ताई. पाळीत रोजा नसतो, ते रोजे नंतर भरून काढायचे असतात. शाळेत आम्ही त्या दिवसांतही डबा न खाता बसायचो, कारण खाल्लं की मुलं विचारायची "आज का नाही गं?" आणि मॅडमसुद्धा. "सूट कोणाला" हे ठीक आहे. "तू आज का नाही" हे नको. एवढंच. इफ्तारीची भजी तळतेय, नंतर येते.

मृण्मयी_नाशिक

रुबीना, हे फार मोलाचं लिहिलंस. सूटचा प्रश्न मी चिठ्ठीवर लिहून घेते, नाव न घालता. आता तो वर्गात तोंडी कधीच विचारायचा नाही, असं टिपणातच लिहून ठेवते.

वसईचा_डॅनी

आमच्या कॅथलिकांत ईस्टरआधी, राखेच्या बुधवारपासून 40 दिवस उपवास असतो. मटण, चिकन बंद. मासे चालतात. आजी तर दुपारपर्यंत काही खायची नाही.

सिस्टर_नव्हे_शिक्षिका

डॅनी, नियम म्हणशील तर उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. 18 पूर्ण झालेल्यांपासून साठी लागेपर्यंतच्या लोकांना, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. शुक्रवारी मांसाहार टाळायचा तो वेगळा, आणि तो 14 वर्षांपासून. 40 दिवस हा प्रायश्चित्ताचा काळ आहे, त्यात कोणी दारू सोडतं, कोणी गोड, कोणी मोबाइल.

वसईचा_डॅनी

असेल. पण आमच्या आळीत कोणी विचारलं तर 40 दिवसच सांगतील. आजी काही चुकीची नव्हती.

सिस्टर_नव्हे_शिक्षिका

नव्हतीच रे. म्हणून मी वर्गात दोन रकाने करून घेते, "नियमात काय आहे" आणि "आमच्या घरी काय आहे". दोन्हींत फरक निघाला की मुलांना बरं वाटतं, कारण तो सगळ्यांच्याच घरात निघतो. कोणा एकाचं घर उघडं पडत नाही.

प्राची_जोशी

साबुदाणा उपवासाला का चालतो हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही 😊 आमच्याकडे कोथिंबीर चालत नाही, सासरी चालते. जिरं दोन्हीकडे. हळद कुठेच नाही.

आबा_सातारकर

साबुदाणा आपला प्राचीन आहे. ऋषीमुनी खात.

कुणाल_शहा

आबा, आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून करतात. कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची सगळं अमेरिकेतून पोर्तुगीज काळात आणि त्यानंतर आलेलं. खिचडीतला बहुतेक सगळा ऐवज समुद्र ओलांडून आलाय. वरई जुनी.

आणि गंमत बघा, माझ्या घरी (श्वेतांबर) बटाटा, रताळं हे कंदमूळ म्हणून एरवीही खात नाहीत. कॉलेजात मित्र म्हणायचा "अरे उपवास आहे ना, बटाटा खा की." तो प्रेमाने द्यायचा. आमचा उपवास म्हणजे आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापासून परवाच्या सूर्योदयानंतरपर्यंत काहीच नाही, फक्त दिवसा उकळलेलं पाणी. चौविहार असेल तर तेही नाही. बहिणीने अठ्ठाई केली तेव्हा आठ दिवस हेच. तिला रोज कोणीतरी विचारायचं "निदान फळ तरी?"

प्राची_जोशी

वरईबरोबर दाण्याची आमटी. कोणाकडे आमसुलं घालतात का चिंच?

शोभाताई_पनवेल

आमसूलच गं. चिंच उपवासाला नाही.

सुहास_म

माझी साखर 220 आहे. एकादशी सोडवत नाही. कोणी मधुमेहात उपवास करतं का इथे?

रुबीना_एस

सुहासकाका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका करू. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी रोजे नको म्हटलं. बऱ्या न होणाऱ्या आजारात फिदिया असतो, चुकलेल्या प्रत्येक रोजासाठी एका गरिबाला जेवण. पहिल्या वर्षी त्या खूप रडल्या. आता स्वतः डबे भरतात.

सुहास_म

हे माहीत नव्हतं. सूट घेणं म्हणजे भक्ती कमी असं मला वाटत आलंय. बायकोला वाचून दाखवतो.

भीमाई_लेक

मूळ प्रश्नावर. आमच्या सरांनी वर्गात तक्ता काढला होता, डावीकडे धर्म, उजवीकडे उपवास. बौद्ध म्हटल्यावर माझ्याकडे बघितलं. माझ्या आजीने 1956 साली दीक्षा घेतल्यावर सगळे उपवास, नवस सोडले. आमच्या घरात *न करणं* ही अभिमानाची गोष्ट आहे. तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मी "माहीत नाही" म्हटलं. सरांनी "उपवास नाही" लिहिलं आणि पुढे गेले.

पौर्णिमेला विहारात आई अष्टशील घेते, दुपारी बारानंतर जेवत नाही. पण ती त्याला उपवास म्हणून देवाला काही मागत नाही. हा फरक मला कोणीतरी विचारायला हवा होता. म्हणून मृण्मयीताईंचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कोण करत नाही आणि का.

मृण्मयी_नाशिक

तुझं वाचून थांबले. तो प्रश्न मी शेवटी ठेवते, तो पहिला आणायला हवा असं आता वाटतंय. पारशी विद्यार्थिनी होती तिनेही असंच सांगितलं होतं. त्यांच्यात उपाशी राहणं मान्यच नाही, शरीर सुदृढ ठेवणं हेच धर्माचं काम. बहमन महिन्यात मांस तेवढं टाळतात. शिखांमध्येही व्रत-उपवासाला महत्त्व नाही, लंगरला आहे.

विद्याधर_पुणे

निवृत्त प्राध्यापक आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. क्रिस्टर स्टेन्डाल नावाचे स्वीडनचे बिशप होते. स्टॉकहोममध्ये मॉर्मन या पंथाच्या मंदिराला विरोध झाला, तेव्हा 1985 मध्ये त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या धर्माबद्दल त्या धर्माच्या माणसाला विचारा, त्याच्या विरोधकाला नको. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्याकडचं एखादं आपल्याकडे असतं तर बरं झालं असतं असं वाटायला मनात जागा ठेवा. तिसऱ्याचा मी प्रश्न करायचो: "दुसऱ्याच्या उपवासातलं काय तुम्हाला आपल्याकडे असावंसं वाटतं?" एका मुलाने लिहिलं होतं, रोजा सोडताना सगळे एकाच घटकेला खातात ते. एका मुस्लिम मुलीने लिहिलं, जैनांचं पारणं, दुसरा आपल्या हाताने घास भरवतो ते.

पण "सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य आलं की मी थांबवायचो. ते आदराने म्हटलं जातं, तरी त्याने चर्चा संपते. जैन उपवासात कर्मांची निर्जरा, म्हणजे साठलेली कर्मं झडून जाणं आहे, कॅथलिकांत पश्चात्ताप आणि ईस्टरची तयारी, रमजानात कुराण उतरलेल्या महिन्याचा मान. भूक तीच, पण भुकेचं काम वेगळं. हे वेगळेपण पुसलं तर समोरच्याचं ऐकलंच नाही असं होतं.

कुणाल_शहा

सर, मग संथाऱ्याबद्दल काय, आमच्यातलं मरेपर्यंत अन्नपाणी सोडण्याचं व्रत? 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तो आत्महत्येसमान ठरवला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्या वर्षी वर्गात मला थेट विचारलं गेलं, "तुमच्यात आत्महत्येला परवानगी आहे का?" माझ्या पणजीने संथारा घेतला होता. मी उठून बाहेर गेलो.

विद्याधर_पुणे

तो प्रश्न निकाल आधीच देऊन बसलेला आहे, त्याला उत्तर नाही. मी तुकडे करून विचारलं असतं. संथारा कोणाला घेता येतो, कोणाला नाही? गुरूंची परवानगी का लागते? मरणाची इच्छा धरणं हा त्या व्रतात दोष का मानतात? आणि मग: टीका करणाऱ्यांना नेमकी कशाची भीती वाटते, वृद्धावर घरच्यांचा दबाव येण्याची का? शेवटचाही विचारायचाच. आदर म्हणजे अवघड प्रश्न टाळणं नव्हे.

कुणाल_शहा

पहिले तीन मी आनंदाने सांगितले असते. चौथा माझ्यासमोर नको. पणजीच्या वेळी घरात कोण काय बोललं हे मला वर्गात ऐकायचं नाही.

सिस्टर_नव्हे_शिक्षिका

मी कुणालच्या बाजूने. ज्याच्या घरात घडलंय तो समोर असेल तर मी तो विषय न्यायालयाच्या कागदांवरून घेईन, घरांवरून नाही.

भीमाई_लेक

मला उलट वाटतं. आमच्याबद्दलचे अवघड प्रश्न नेहमी आमच्यासमोरच विचारले गेले. मग इतरांचे कागदावरून का?

मृण्मयी_नाशिक

याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही बाजूंचं ऐकतेय.

मनोज_ठाणे

शाळेत हे चालतं का पण? सरकारी शाळेत धर्म शिकवायला घटनेत बंदी आहे ना?

विद्याधर_पुणे

कलम 28, आणि तेही पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांसाठी. बंदी आहे ती धार्मिक शिक्षणावर, म्हणजे उपासना, विधी वगैरे शिकवण्यावर. धर्मांबद्दल अभ्यासायला बंदी नाही, 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. व्यवहारात फरक असा: "रोजा कसा ठेवतात" हे विचारता येतं, वर्गाला एक दिवस रोजा ठेवायला लावता येत नाही.

मनोज_ठाणे

आमच्या मुलीच्या शाळेत "एक दिवस रोजा" असा उपक्रम केला होता की. ऐच्छिक होता म्हणे. नववीच्या मुलांना कसला ऐच्छिक, सगळे करतात म्हणून करतात.

रुबीना_एस

भजी झाली. मला विचाराल तर मलाही नाही आवडलं ते. उपाशी राहिलं की रोजा होत नाही, नियत लागते. त्यापेक्षा संध्याकाळी घरी बोलवा, आमच्याबरोबर बसा, मग विचारा काय विचारायचं ते. सुहासकाका, तुम्हाला बिनसाखरेचं सरबत.

सुहास_म

येतो. ठाण्याच्या जवळ आहात का?

शोभाताई_पनवेल

प्राची, आमटीत दाण्याचं कूट भाजून घाल हो, कच्चं नको.