मदत हवी आहे: बॅडमिंटन कोर्टाला सवलत कोणाला द्यावी?

नमस्कार मंडळी. आमचे दोन बॅडमिंटन कोर्ट आहेत, तासाला 300 रुपये. संध्याकाळी वेटिंग असतं, दुपारी 11 ते 4 जाळ्या नुसत्या टांगलेल्या.

दुपारी कॉलेजच्या मुलांना ओळखपत्र पाहून 150 रुपयांत द्यायचा विचार आहे. दिवे, साफसफाई मिळून तासाला 60 रुपये जातात, म्हणजे नवीन बुकिंगला 90 उरतात. पण 300 देणारा जुना गिऱ्हाईक दुपारी सरकला आणि त्याची जागा भरली नाही, तर 150 चा तोटा. तीन नव्यांमागे दोन जुने सरकले की फायदा संपला. वेटिंगमुळे संध्याकाळ लगेच भरेल असं वाटतं, पण खात्री नाही.

अडचण सकाळची आहे. 6 ते 8 ज्येष्ठ मंडळी पूर्ण पैसे देऊन खेळतात, कोर्ट भरलेलेच असतात. परवा एक काका म्हणाले, "एसटीत आम्हाला अर्धं तिकीट, इथे का नाही?" एसटीची सवलत सरकार भरून देतं, माझी खिशातून जाईल. तरी पेन्शनवर जगणाऱ्याला नाही म्हणताना जीव तुटतो.

ज्येष्ठांनाही सवलत फक्त दुपारीच दिली, सकाळी नाही, तर त्यांना अपमान वाटेल का? कोणी असं करून पाहिलंय? जुने गिऱ्हाईक किती सरकले?