सारांशात नव्हे, दाव्यात पाहा

«सारांशात माझ्या टाकीच्या झडपेचं सगळं वर्णन आलंय, मग नक्की संरक्षण कशाला मिळालं?»

भारतीय पेटंटमधला सारांश तांत्रिक माहितीपुरता, जास्तीत जास्त 150 शब्दांचा असतो. हक्काची हद्द मात्र दावेच, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागितला हे सांगणारी क्रमांकित विधानेच, ठरवतात. आपल्या पहिल्या दाव्यात तरंगता गोळा, त्याला जोडलेली स्प्रिंग आणि तिने बंद होणारी झडप, असे तीन घटक आहेत. उद्या धारावीतल्या एखाद्या कारखानदाराने स्प्रिंगऐवजी चुंबक बसवला, तर सारांशात ‘पाणी आपोआप थांबवणारी यंत्रणा’ असे लिहिलेले असूनही शब्दशः उल्लंघन होत नाही. चुंबक स्प्रिंगशी समतुल्य आहे, हे आपल्याला न्यायालयात पटवून द्यावे लागेल, आणि ते मला अवघड वाटते. ‘स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची’ हा दुसरा दावा पहिल्यावर अवलंबून, म्हणून अधिक अरुंद आहे. पण तशी झडप पूर्वीच अस्तित्वात होती म्हणून पहिला रद्द झाला, तरी दुसरा टिकू शकतो.